व्होरोनॉय केलं, तरी पलीकडच्या काठावरचं गाव अलीकडच्या दुकानाला का जातं?

एखादं रेशन दुकान बंद होतं, एखादं बचत गटाला नव्यानं मिळतं, आणि मग तालुक्यातून निरोप येतो की जवळची गावं पुन्हा एकदा वाटून द्या. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागात हे काम मी बऱ्याच वेळा केलंय. दर वेळी क्यूजीआयएसमध्ये दुकानांचे बिंदू घ्यायचे, व्होरोनॉय बहुभुज काढायचे, कोणतं गाव कोणत्या बहुभुजात पडतं ते बघायचं आणि यादी द्यायची. दुपारभराचं काम. आणि दर वेळी यादी परत येते. काही गावांपुढे दुकानच नसतं, काही गावं दोनदा आलेली असतात, आणि दोन-चार गावं अशा दुकानाला जोडलेली असतात की गावकरी यादी बघून हतबुद्ध होतात.

पहिल्या दोन तक्रारी सॉफ्टवेअरच्या आहेत आणि चटकन सुटतात. तिसरी तशी नाही. ती मला कळायला कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठावर जावं लागलं. क्रम मात्र हाच ठेवा. आधीच्या चुका राहिल्या, तर तिसरी ओळखूच येत नाही.

दुकानाची जागा रिकामी येणारी गावं

व्होरोनॉयची कल्पना साधी आहे. प्रत्येक दुकानाभोवती असा तुकडा आखायचा, की त्या तुकड्यातल्या कुठल्याही जागेपासून तेच दुकान सगळ्यात जवळ असेल. शेजारच्या दोन दुकानांना जोडणारी रेघ घ्या, तिच्या मध्यावर काटकोनात दुसरी रेघ मारा, ती झाली त्या दोघांमधली हद्द. कडेच्या दुकानांचे तुकडे मात्र बाहेरच्या बाजूला अनंतापर्यंत पसरतात. कागदावर अनंत मावत नाही, म्हणून सॉफ्टवेअर ते कुठेतरी कापतं. क्यूजीआयएस ते कापतं दुकानांच्या बिंदूंभोवतीच्या चौकटीवर. सगळ्यात पश्चिमेच्या दुकानापाशी चौकट संपते, आणि त्याच्याही पश्चिमेला डोंगरात असलेली गावं चौकटीबाहेर राहतात. त्यांना बहुभुजच मिळत नाही.

ओळखायची खूण अशी की रिकामी गावं तालुक्यात विखुरलेली नसतात, सगळी कडेला असतात. `Voronoi polygons` साधनात `Buffer region (% of extent)` अशी जागा आहे आणि तिथे शून्य असतं. मी तिथे 50 टाकतो आणि नंतर तालुक्याच्या हद्दीनं बहुभुज कापून घेतो. नेमका आकडा महत्त्वाचा नाही, शेवटचं गाव आत आलं पाहिजे.

शाळांना गावं जोडायची यादीही मी याच रीतीनं करतो, पण इथं रेशन आणि शाळा यांच्यात एक फरक पडतो. रेशनचं नियतन तालुक्याच्या पुरवठा शाखेकडून जातं, त्यामुळे फक्त आपल्या तालुक्याची दुकानं घेतली तरी चालतं. शाळेचं तसं नाही. हद्दीवरच्या वाडीतलं मूल शेजारच्या तालुक्यातल्या शाळेत खुशाल जातं. म्हणून शाळांसाठी हद्दीपलीकडच्याही शाळा घ्या, बहुभुज काढा आणि मगच कापा. नाहीतर हद्दीवरच्या प्रत्येक शाळेचा तुकडा उगाच फुगलेला दिसेल.

दोनदा येणारी गावं

हे बहुतेक वेळा गावाचा बहुभुज वापरल्यामुळे होतं. महसुली गावाची शीव दोन-तीन व्होरोनॉय तुकड्यांना छेदते, आणि जोडणी करताना प्रत्येक छेदाची एक ओळ तयार होते. त्यावर बरेच जण सर्वांत मोठा सामाईक भाग घ्यायचा पर्याय निवडतात आणि विषय संपवतात. आपल्या भागात तो पर्याय वापरू नका. जावळी, महाबळेश्वर, पाटणच्या गावांचं क्षेत्र बहुतांशी डोंगर, जंगल आणि पडीक असतं. माणसं राहतात गावठाणात, आणि ते एका कोपऱ्यात असतं. क्षेत्रफळावर निवाडा केला तर ज्या बाजूला जंगल जास्त त्या बाजूचं दुकान गावाला मिळतं.

गावाचा मध्यबिंदू काढूनही काम भागत नाही. कोयना धरण 1964 मध्ये पूर्ण झालं आणि शिवसागर भरला, तेव्हा खोऱ्यातली कितीतरी गावठाणं पाण्याखाली गेली. काही गावं दूर पुनर्वसनात गेली, काही तिथंच वर डोंगराकडे सरकली. महसुली शीव मात्र नकाशावर अजून पाण्यातून जाते. अशा गावाचा मध्यबिंदू थेट जलाशयात पडतो. जुन्या नकाशावरून उचललेलं गावठाणही तिथंच पडतं. पाण्यात पडलेले बिंदू शोधायला गावांच्या थरावर ही अट लावून निवड करा. `shivsagar` हा जलाशयाचा थर आहे:

```
overlay_within('shivsagar')
```

जे बिंदू निवडले जातील ते उपग्रह चित्रावर घरं बघून हातानं सरकवा. आणि शक्य असेल तर गावाचा एकच बिंदू न ठेवता प्रत्येक वाडीचा वेगळा ठेवा. डोंगरी गावाची वाडी गावठाणापासून तीन-तीन किलोमीटर लांब असू शकते आणि तिचं जवळचं दुकान वेगळं असू शकतं. रेशन घ्यायला जातो तो वाडीतला माणूस, म्हणून मोजणीही वाडीपासूनच व्हायला हवी.

याच टप्प्यावर दुकानं आणि बहुभुज यांची संख्या ताडून बघा. दुकानं 40 आणि बहुभुज 38 आले, तर दोन ठिकाणी दोन-दोन किंवा एकाच ठिकाणी तीन दुकानांचे बिंदू एकावर एक आहेत. मोठ्या गावात दोन दुकानं असतात आणि दोन्हींची जागा म्हणून ग्रामपंचायतीचा बिंदू घेतलेला असतो. एकाच जागेच्या दोन बिंदूंना मिळून एकच तुकडा मिळतो, आणि एक दुकान यादीतून गुपचूप नाहीसं होतं. अशा वेळी जोडीला एकच बिंदू धरून गावं वाटा आणि त्या जोडीत कोणती कार्डं कुणाकडे ते गावात ठरू द्या. बिंदू दहा मीटर सरकवून तुकडे वेगळे काढायचा मोह होतो, पण मग गावाच्या मधोमध एक काल्पनिक रेघ जाते आणि तिला काहीच अर्थ नसतो.

अंश की मीटर

कुणाकडेही ही अडचण घेऊन गेलात, तर पहिलं उत्तर मिळतं की तुमचा थर अक्षांश-रेखांशात आहे, तो मीटरमध्ये न्या. सल्ला बरोबर आहे. फक्त त्यानं किती फरक पडतो हे माहीत असावं, नाहीतर सगळा दोष त्याच्यावर जातो.

साताऱ्याच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे 17.7 अंशांवर, एक अंश अक्षांश म्हणजे 110.7 किलोमीटर आणि एक अंश रेखांश म्हणजे 106.1 किलोमीटर. सॉफ्टवेअर दोन्ही सारखे धरतं. समजा एका वाडीच्या पूर्वेला 5 किलोमीटरवर एक दुकान आहे आणि उत्तरेला 5.15 किलोमीटरवर दुसरं. जवळचं अर्थातच पूर्वेचं. अंशांत मोजलं तर पूर्वेचं दुकान 0.0471 अंशांवर येतं आणि उत्तरेचं 0.0465 वर. वाडी उत्तरेच्या दुकानाला जाते. चूक झाली, पण ती दीडशे मीटरची. दोन दुकानांच्या अंतरात चार-साडेचार टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल, तर अंशांत मोजूनही उत्तर बदलत नाही. सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे `EPSG:32643` मध्ये बसतात. थर त्यात न्या आणि पुढं चला. गाव दहा किलोमीटर चुकीच्या दिशेला गेलं असेल, तर कारण दुसरीकडे शोधा.

एक अपवाद. अक्षांश आणि रेखांशाचे रकाने उलटे भरले गेले असतील, तर तो बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतो. असा एक बिंदूसुद्धा चौकट हजारो किलोमीटर ताणतो. सगळा थर पडद्यावर मावेल असा करून बघितलं की लगेच दिसतं.

आता खरी अडचण

वरचं सगळं नीट करून मी एकदा यादी घेऊन बामणोलीच्या बाजूला गेलो होतो. पलीकडच्या काठावरची एक वाडी अलीकडच्या दुकानाला जोडली होती. नकाशावर अंतर दोन किलोमीटर. वाडीच्या स्वतःच्या काठावर दुसरं दुकान होतं, पण ते सरळ रेघेत साडेपाच किलोमीटर. व्होरोनॉयनं आपलं काम चोख केलं होतं. मी लाँचनं पलीकडे गेलो आणि एका मावशींना यादी दाखवली. त्यांनी पाण्याकडे हात केला.

"दादा, दुकान हितनं दिसतंया की. पर पोतं घिऊन यायचं कसं?"

अंत्योदय कार्डावर महिन्याला 35 किलो धान्य मिळतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो, म्हणजे पाच माणसांच्या घराला 25. ते लाँचमध्ये चढवायचं, उतरवायचं, काठावरून चढ चढून घरी न्यायचं. वर लाँचचं भाडं. वारा सुटला, पावसानं झोडपलं की लाँच बंद. आणि रस्त्यानं जायचं तर जलाशयाला वळसा घालून कितीतरी तास. त्यांच्या काठावरचं दुकान लांब होतं खरं, पण तिथं जीप जात होती.

त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी प्रश्नच चुकीचा विचारत होतो. व्होरोनॉय विचारतं, पक्षी उडत गेला तर कोणतं दुकान जवळ? काही प्रश्नांना हे चपखल बसतं. कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर इथल्या पावसाचे आकडे आपण पावसाळ्यात रोज वर्तमानपत्रात वाचतो. अशा पर्जन्यमापकांवरून खोऱ्याचा सरासरी पाऊस काढताना प्रत्येक मापकाला किती क्षेत्र द्यायचं, यासाठी हेच बहुभुज वापरतात. थीसन यांनी ही रीत 1911 मध्ये मांडली, म्हणून जलशास्त्रात त्यांना थीसन बहुभुज म्हणतात. पावसाला रस्ता लागत नाही, तिथं सरळ अंतर चालतं.

माणसांसाठी हीच कल्पना त्याच्याही आधी वापरली गेली होती, आणि ती वापरणाऱ्यानं आपल्यापेक्षा नीट वापरली होती. लंडनमध्ये 1854 मध्ये कॉलरा पसरला, तेव्हा डॉक्टर जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती एक रेघ काढली. त्या रेघेवरून हा पंप आणि दुसरा जवळचा पंप सारख्याच अंतरावर पडत होते. पण अंतर त्यांनी सरळ रेघेत घेतलं नाही, रस्त्यानं चालत जावं लागेल तेवढं घेतलं. बादली उचलून नेणाऱ्याचं अंतर तेच असतं. पोतं उचलून नेणाऱ्याचंही.

कोणती गावं फसली आहेत ते कसं शोधायचं

पूर्ण तालुक्याची यादी डोळ्यांनी तपासायची गरज नाही. `Join by lines (hub lines)` हे साधन घ्या. दुकानं हा मुख्य थर, गावं हा दुसरा थर, आणि दोन्हींत दुकानाचा क्रमांक असलेला रकाना द्या. प्रत्येक गावापासून त्याला मिळालेल्या दुकानापर्यंत एक रेघ निघते. नकाशा कोळ्याच्या जाळ्यासारखा दिसतो, आणि पहिल्या नजरेतच काही रेघा पाण्यावरून गेलेल्या दिसतात. त्या नेमक्या निवडायला रेघांच्या थरावर:

```
overlay_intersects('shivsagar')
```

निवडलेली प्रत्येक रेघ चुकीची असेलच असं नाही. जलाशयाची शेपटं ओढ्याओढ्यांत आत शिरलेली असतात आणि काही ठिकाणी त्यांच्यावर पूल आहे. एखाद्या अरुंद शेपटावरून रेघ गेली आणि शेजारीच पूल असेल, तर ती जोडणी ठीक आहे. म्हणून निवडलेल्या रेघा एकेक करून बघाव्या लागतात, पण त्या दहा-वीसच असतात.

पाण्याची गोष्ट झाली, तशीच डोंगराची. कासच्या पठाराखाली दोन बाजूंना दोन गावं सरळ रेघेत तीन किलोमीटरवर असतात आणि रस्त्यानं पंचवीसवर. त्यासाठी वेगळा थर नसतो. तिथं मी रस्त्यानं येणारं अंतर भागिले सरळ अंतर हे गुणोत्तर काढतो. आपल्या भागात घाटाच्या रस्त्यावर ते दीड ते दोनपर्यंत सहज जातं, त्यात काही वावगं नाही. तीनच्या वर गेलं की मी ते गाव बाजूला काढून ठेवतो. तीन हा आकडा माझ्या अनुभवाचा आहे. माणदेशात, म्हणजे माण, खटाव, आटपाडी, जतच्या मोकळ्या माळावर, दोनलाच संशय घ्यायला हवा.

दुरुस्ती: आधी कप्पे, मग व्होरोनॉय

सगळा तालुका एकदम वाटायच्या ऐवजी आधी त्याचे कप्पे करा. कप्पा म्हणजे असा भाग, ज्याच्या आत माणूस पाणी न ओलांडता कुठूनही कुठेही जाऊ शकतो. शिवसागरच्या मधून एक रेघ काढा आणि `Split with lines` वापरून तालुक्याचा बहुभुज तिनं कापा. रेघ दोन्ही टोकांना हद्दीच्या बाहेर गेली पाहिजे. मध्येच संपली तर तुकडे पडत नाहीत आणि साधन काही तक्रारही करत नाही.

रेघ कुठं न्यायची, हा मात्र विचार करून ठरवायचा निर्णय आहे. जलाशयाचं पाणी वरच्या बाजूला अरुंद होत जातं, पुढं नुसती नदी उरते आणि तिच्यावर पूल येतो. पुलाच्या वर दोन्ही काठ एकच मानायला हरकत नाही. म्हणून रेघ पुलाच्या खालपर्यंतच पाण्यातून न्यावी आणि तिथून डोंगराच्या धारेनं बाहेर काढावी. मी पहिल्यांदा रेघ नदीनं थेट उगमापर्यंत नेली होती. त्यामुळे पुलाच्या दोन टोकांची गावं वेगळ्या कप्प्यांत पडली आणि एक नवीच तक्रार आली.

गावांना आणि दुकानांना आपापला `kappa` मिळाला, की प्रत्येक कप्प्यापुरती दुकानं घेऊन वेगळे व्होरोनॉय बहुभुज काढा आणि त्या कप्प्याच्या हद्दीनं कापा. तीन कप्पे असतील तर तीनदा. नकाशा छापायचा नसेल आणि फक्त यादी हवी असेल, तर बहुभुजांची गरजच नाही. `Execute SQL` मध्ये एवढं पुरतं:

```
SELECT g.gaav_id, d.dukan_id,
       min(st_distance(g.geometry, d.geometry)) AS antar_m
FROM gaavthan g
LEFT JOIN dukane d ON g.kappa = d.kappa
GROUP BY g.gaav_id
```

इथं दुकानाचा क्रमांक आपोआप सगळ्यात कमी अंतराच्या ओळीतून येतो. ही सोय एसक्यूलाइटची आहे. पोस्टग्रेसमध्ये हीच आज्ञा चालणार नाही. `LEFT JOIN` मुद्दाम आहे. एखाद्या कप्प्यात एकही दुकान नसेल तर ते गाव यादीतून गळू नये, रिकाम्या दुकानासह दिसावं. सुरुवातीला जी रिकामी गावं दिसली होती ती चौकटीच्या चुकीची होती. ही रिकामी गावं खरी आहेत. त्यांच्या काठावर दुकानच नाही. असं गाव जबरदस्तीनं कुठेतरी जोडून टाकू नका, ते वेगळ्या कागदावर लिहा. त्या गावाला नवं दुकान हवं की महिन्यातून एकदा धान्याची गाडी किंवा लाँच पाठवायची, हे कार्यालयात ठरतं, आणि ते ठरायला आधी ते गाव कागदावर दिसावं लागतं.

कप्पे केल्यावर पुन्हा एकदा कोळ्याच्या रेघा काढून बघा. काठ सरळ नसतो. एकाच कप्प्यातली दोन गावं जलाशयाच्या एका शेपटाच्या दोन बाजूंना असतात, आणि सरळ रेघ पुन्हा पाण्यावरून जाते. दुसऱ्या फेरीत अशा रेघा थोड्या उरतात. त्यांच्यासाठी आणखी कप्पे पाडत बसण्यात अर्थ नाही, त्या हातानं दुरुस्त कराव्यात.

मग सरळ रस्त्याच्या अंतरानंच सगळं का करू नये?

हा प्रश्न मला प्रत्येक वेळी कुणीतरी विचारतं आणि तो रास्त आहे. `Shortest path (point to layer)` रस्त्यांच्या थरावरून अंतर काढतं. रस्ते ओपनस्ट्रीटमॅपवरून मिळतात. पण डोंगरी भागात हे रस्ते कुठं कुठं तुटलेले असतात. दोन रेघा पडद्यावर चिकटलेल्या दिसतात आणि प्रत्यक्षात दोन मीटरचं अंतर असतं. तिथून वाट पुढं जात नाही आणि साधन पन्नास किलोमीटरचा वळसा दाखवतं. पायवाटा बऱ्याच ठिकाणी नसतातच. लाँचचा मार्ग नकाशावर असला तर त्याला रस्ता धरायचा की नाही, तेही तुम्हालाच ठरवावं लागतं. धरला तर मावशींची वाडी पुन्हा अलीकडे येते.

म्हणून पूर्ण तालुका मी कप्प्यांनी वाटतो आणि रस्त्याचं अंतर फक्त संशयित गावांसाठी काढतो. तेही काढून तिथल्या कोतवालाला किंवा दुकानदाराला फोन करून विचारतो की बाजाराला लोक कुठं जातात. ज्या गावाला आठवड्याच्या बाजाराला लोक जातात, तिथल्या दुकानात पोतं आणणं सोपं असतं, कारण जीप त्या दिवशी जातेच. हा निकष नकाशात कुठंच नाही, पण मला तो सगळ्यात जास्त उपयोगी पडलाय.

यादी देण्याआधी दोन रकाने

पहिला रकाना अंतराचा. व्होरोनॉय "फार लांब" असं कधीच म्हणत नाही. नऊ किलोमीटरवरची शाळासुद्धा सगळ्यात जवळची असेल, तर ते गाव तिच्या तुकड्यात जातं आणि नकाशावर सगळं छान भरलेलं दिसतं. शिक्षण हक्क कायद्याखाली महाराष्ट्राच्या 2011 च्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी 1 किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी 3 किलोमीटर अंतर दिलंय. शाळांची यादी करताना प्रत्येक वाडीपुढे अंतर लिहा आणि या मर्यादेबाहेरच्या वाड्या वेगळ्या रंगात दाखवा. अंतर न लिहिता दिलेला रंगीत नकाशा बघून सगळ्या गावांना शाळा आहे असाच समज होतो.

दुसरा रकाना दुसऱ्या क्रमांकाच्या दुकानाचा. `Join attributes by nearest` मध्ये जास्तीत जास्त शेजारी 2 केले की पहिलं आणि दुसरं दोन्ही अंतरांसह मिळतात. हे साधन कप्पे ओळखत नाही, त्यामुळे तेही कप्प्याकप्प्यानं चालवा. दोन अंतरांत दहा टक्क्यांच्या आत फरक असेल, तर ते गाव हद्दीवरचं आहे. समजा एक दुकान 4.2 किलोमीटरवर आणि दुसरं 4.5 वर आहे. या तीनशे मीटरना गावठाणाचा बिंदू कुठं ठेवला एवढ्यानंही धक्का लागतो. अशा गावात मी जवळचं दुकान लिहीत नाही. दोन्ही नावं लिहितो आणि पुढं "ग्रामसभेत विचारावं" एवढं टाकतो. आधीपासून ज्या दुकानाला ते जोडलेलं आहे तेच राहू दिलं, तर कुणाची कार्डंही हलवावी लागत नाहीत.

आता कार्ड कुठल्याही दुकानात चालतं, अंगठा लावला की ई-पॉसवर धान्य मिळतं, मग कोणतं गाव कुठल्या दुकानाला हे बघायचंच कशाला, असंही विचारलं जातं. दुकानात माल किती उतरवायचा हे त्याला जोडलेल्या कार्डांवरून ठरतं. पलीकडच्या काठाची कार्डं अलीकडच्या दुकानाला जोडलेली राहिली, तर माल अलीकडे उतरतो. लोक मात्र आपल्या काठावरच्या दुकानात जातात, आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आलेल्या माणसाला तिथला दुकानदार तांदूळ संपला म्हणून परत पाठवतो.

मावशींची वाडी कप्पे केल्यावर त्यांच्या काठावरच्या साडेपाच किलोमीटरच्या दुकानाला गेली. रस्त्यानं ते अंतर आठ भरतं. यादीत मी दोन्ही आकडे लिहिले आणि शेऱ्यात "मध्ये जलाशय नाही, जीप जाते" असं लिहून दिलं. पुढच्या वेळी दुकानं बदलतील तेव्हा हे काम कदाचित दुसरं कुणी करेल, म्हणून कप्प्यांचा थर आणि त्यातली रेघ कुठल्या पुलापाशी वळवली त्याची नोंद यादीसोबतच ठेवली आहे. जलाशयावर नवा पूल सुरू झाला, तर ती रेघ आधी बदला आणि मगच व्होरोनॉय चालवा.